वाक्यातले कृदंत कसे ओळखावे आणि कसे वापरावे

माध्यमिक शाळेच्या व्याकरणात कृदंत बहुतेक वेळा तक्त्यातूनच भेटते. डावीकडे प्रत्यय, उजवीकडे उदाहरण : णे – करणे, णारा – करणारा, लेला – केलेला, ऊन – करून. तक्ता पाठ होतो, पण प्रत्यक्ष वाक्य समोर आले की गाडी अडते. कारण तेच शेवट असलेले इतर शब्दही वाक्यात असतात, आणि एकच रूप कधी कृदंत असते तर कधी पूर्ण क्रियापद. म्हणून इथे तक्ता बाजूला ठेवू आणि एका वाक्यापासून सुरुवात करू.

> पावसात भिजलेली मुले धावत वर्गात येऊन बसली आणि ओल्या वह्या वाळवण्यासाठी खिडकीत ठेवू लागली.

या वाक्यात पाच कृदंते आहेत. पुढे वाचण्याआधी तुम्हाला वाटतात ती कागदावर लिहून काढा. यादी सहा-सात शब्दांची झाली तरी चालेल, त्यातले जादा शब्द आपण एकेक करून गाळणारच आहोत.

एवढे आधी माहीत असू द्या. क्रियापदाच्या मूळ रूपाला धातू म्हणतात. 'भिजणे'मधला 'णे' काढला की 'भिज' उरतो, तो धातू. धातूला काही प्रत्यय असे लागतात की त्यातून वाक्य पूर्ण करणारे क्रियापद तयार होते : भिजतो, भिजला, भिजेल. हे आख्यात प्रत्यय. दुसरे काही प्रत्यय लागले की क्रियेचा अर्थ शब्दात राहतो, पण वाक्य पूर्ण करण्याची ताकद राहत नाही : भिजणे, भिजणारा, भिजलेला, भिजून. हे कृत् प्रत्यय, आणि ते ज्याच्या शेवटी आहेत ते कृदंत. धातुसाधित हे त्याचेच दुसरे नाव. काही पुस्तके एक शब्द वापरतात, काही दुसरा. त्यावरून गोंधळायचे कारण नाही.

पहिली पायरी : धातू सापडतो का?

संशय आलेल्या शब्दाचा शेवट काढा आणि जे उरेल त्याला 'णे' लावा. खरे क्रियापद तयार झाले आणि त्याचा अर्थ वाक्यात बसला, तरच पुढे जा. 'भिजलेली'मधून 'भिजणे' मिळते. 'धावत'मधून 'धावणे', 'येऊन'मधून 'येणे', 'बसली'मधून 'बसणे', 'वाळवण्यासाठी'मधून 'वाळवणे', 'ठेवू'मधून 'ठेवणे', 'लागली'मधून 'लागणे'.

'ओल्या' इथे अडकतो. त्याचे मूळ रूप 'ओला'. शेवटी 'ला' दिसतो म्हणून बरेच जण त्याला 'भिजला'च्या रांगेत बसवतात. पण 'ला' काढल्यावर उरतो 'ओ', आणि 'ओणे' असे क्रियापद मराठीत नाही. 'ओला' हे साधे विशेषण आहे. यादीत असेल तर खोडून टाका.

याच चाळणीत रात, हात, सून, पुणे हे शब्द लगेच गळतात. थोडा विचार करावा लागतो तो 'म्हणून'सारख्या शब्दांसाठी. 'पाऊस आला म्हणून खेळ थांबला' या वाक्यात 'म्हणणे' हा धातू सापडतो खरा, पण कोणी काही म्हणत नाही. हा शब्द मुळात कृदंत होता, आता दोन वाक्ये जोडणारे उभयान्वयी अव्यय झाला आहे. उलट 'तिने "येते" म्हणून फोन ठेवला' इथे म्हणण्याची क्रिया प्रत्यक्ष घडते, तेव्हा तेच रूप कृदंत ठरते. धातू सापडणे पुरेसे नाही, त्याची क्रिया वाक्यात जिवंत असली पाहिजे.

दुसरी पायरी : 'तू' घालून पाहा

आता सात शब्द उरले : भिजलेली, धावत, येऊन, बसली, वाळवण्यासाठी, ठेवू, लागली. यांतली क्रियापदे कोणती आणि कृदंते कोणती? 'ज्याने वाक्य पूर्ण होते ते क्रियापद' ही व्याख्या बरोबर आहे, पण लांब वाक्यात तिचा हाताशी उपयोग कमी. लिंग-वचनावरूनही निर्णय होत नाही, कारण 'बसला, बसली, बसले' जसे बदलते तसेच 'भिजलेला, भिजलेली, भिजलेले' बदलते.

निर्णय होतो तो पुरुषावरून. पूर्ण क्रियापदाला प्रथम, द्वितीय, तृतीय पुरुषाची खूण लागू शकते. कृदंताला लिंग असू शकते, वचन असू शकते, विभक्तीही असू शकते, पण पुरुष कधीच नसतो. म्हणून वाक्याचा कर्ता 'तू' करून पाहा.

> पावसात भिजलेला तू धावत वर्गात येऊन बसलास आणि ओल्या वह्या वाळवण्यासाठी खिडकीत ठेवू लागलास.

'स' कुठे लागला? 'बसलास' आणि 'लागलास' या दोनच ठिकाणी. ती दोन पुरुषवाचक रूपे, म्हणजे वाक्याची क्रियापदे तिथे आहेत. 'भिजलेली'चे 'भिजलेला' झाले, पण तो लिंगाचा आणि वचनाचा फरक. 'भिजलेलास' असे कोणी म्हणत नाही. धावत, येऊन, वाळवण्यासाठी, ठेवू यांना तर धक्काही लागला नाही. पाच कृदंते हाती आली.

'तू'च का, 'मी' का नाही? 'मी आंबा खाल्ला' आणि 'त्याने आंबा खाल्ला' या दोन्हींत क्रियापद सारखेच दिसते, त्यामुळे 'मी' घेतला तर फसगत होऊ शकते. 'तू आंबा खाल्लास' म्हटले की खूण लगेच दिसते.

ही कसोटी सारख्या दिसणाऱ्या रूपांमध्ये फार उपयोगी पडते. 'आपण वह्या इथे ठेवू' यातला 'ठेवू' घ्या. 'तू' घातला की तो 'ठेवशील' होतो, म्हणून तिथे ते भविष्यकाळाचे पूर्ण क्रियापद आहे. 'ठेवू लागली'मधला 'ठेवू' बदलत नाही, म्हणून कृदंत. तसेच 'नदी वाहते' आणि 'वाहते पाणी'. पहिल्यात 'वाहते' क्रियापद आहे, दुसऱ्यात पाण्याचे विशेषण.

एका ठिकाणी मात्र ही कसोटी कोड्यात टाकते : 'मी उद्या जाणार.' 'तू उद्या जाणार', 'तो उद्या जाणार', रूप तेच राहते, तरी वाक्य पूर्ण वाटते. इथे 'आहे' बोललेले नाही, ते अध्याहृत आहे. 'तू उद्या जाणार आहेस' असे पूर्ण वाक्य केले की पुरुषाची खूण 'आहेस'वर दिसते आणि 'जाणार' हे कृदंतच राहते.

तिसरी पायरी : शब्द कोणते काम करतो?

कृदंत सापडले की त्याचा प्रकार सांगायचा असतो : धातुसाधित नाम, धातुसाधित विशेषण की धातुसाधित क्रियाविशेषण. इथे प्रत्ययाकडे पाहून उत्तर देण्याचा मोह होतो, आणि बऱ्याच वेळा ते उत्तर बरोबरही येते. पण प्रकार ठरतो तो वाक्यातल्या कामावरून. 'मला पोहायला आवडते' यात 'पोहायला' ही आवडणारी गोष्ट आहे, 'काय आवडते?' याचे उत्तर. 'तो पोहायला गेला' यात तोच शब्द 'कशासाठी गेला?' याचे उत्तर देतो. पहिल्यात त्याचे काम नामाचे, दुसऱ्यात क्रियाविशेषणाचे. शेवट दोन्हीकडे एकच आहे.

नामाचे प्रकरण सोपे आहे, ते लवकर उरकू. 'णे' लावून होणारे कृदंत क्रियेचे नाव असते : 'पोहणे हा चांगला व्यायाम आहे.' ते नपुंसकलिंगी एकवचनी असते आणि विभक्ती किंवा शब्दयोगी अव्यय लागताना 'ण्या' असे सामान्यरूप घेते : पोहण्याने, पोहण्याची, पोहण्यासाठी. आपल्या वाक्यातला 'वाळवण्यासाठी' असाच आहे. 'वाळवणे' हे धातुसाधित नाम, 'वाळवण्या' हे त्याचे सामान्यरूप आणि 'साठी' हे शब्दयोगी अव्यय. शिवाय या नामाच्या पोटात क्रियापदाचा गुण शिल्लक असतो, म्हणून त्याला स्वतःचे कर्म घेता येते. काय वाळवणे? वह्या. साध्या नामाला हे जमत नाही.

यातली एक मजा म्हणजे काही 'णे'कारान्त शब्द क्रियेपासून सुटून वस्तूंची नावे झाले आहेत. 'तिचे गाणे ऐकले' यात गाण्याची क्रिया असू शकते, पण 'तिने दोन गाणी म्हटली' इथे 'गाणे' साधे नाम झाले. अनेकवचन होते का, हे पाहिले की कळते. 'खेळणे' या क्रियेचे अनेकवचन होत नाही, 'खेळणी' होतात ती हातात धरायची.

विशेषण : 'णारा' आणि 'लेला' कोणाला चिकटतात?

धातुसाधित विशेषण 'कोणता? कसा?' या प्रश्नाला उत्तर देते आणि पुढच्या नामाप्रमाणे बदलते. 'भिजलेली मुले' यात कोणती मुले? भिजलेली. इथपर्यंत कोणीही येते. खरी समज लागते ती पुढच्या प्रश्नाला : ज्या नामाचे हे विशेषण आहे, त्या नामाने ती क्रिया केली, की त्याच्यावर ती झाली?

'णारा' लावला की नाम साधारणपणे क्रिया करणारे असते. 'पत्र लिहिणारी मुलगी' म्हणजे मुलगी लिहिते. 'पडणारा पाऊस' म्हणजे पाऊस पडतो. म्हणूनच 'मुले खेळणारे मैदान' हे कानाला खटकते, कारण मैदान खेळत नाही. मराठीत अशा वेळी 'मुले खेळतात ते मैदान' असे दोन भागांचे वाक्यच हवे. निबंधात 'मी राहणारे गाव' असे लिहिलेले दिसते तेव्हा हीच चूक झालेली असते. 'मी राहतो ते गाव' लिहा.

'लेला'चे वागणे धातूवर अवलंबून असते. 'आलेला पाहुणा' यात पाहुणा आला, म्हणजे तो कर्ता. 'लिहिलेले पत्र' यात पत्राने काही लिहिले नाही, ते लिहिले गेले, म्हणजे ते कर्म. 'येणे' अकर्मक आहे आणि 'लिहिणे' सकर्मक, हा फरकाचा एक भाग. पण मग 'शिकलेला मुलगा' कसा चालतो? शिकणे तर सकर्मक आहे, धडा शिकतात, विद्या शिकतात.

याचे उत्तर प्रयोगाच्या धड्यात आहे. धातूचे साधे भूतकाळी वाक्य करा आणि क्रियापद कोणाप्रमाणे बदलते ते पाहा. 'रमाने पत्र लिहिले, रमाने चिठ्ठी लिहिली' : क्रियापद पत्राप्रमाणे, चिठ्ठीप्रमाणे बदलले, म्हणून 'लिहिलेले' हे विशेषण पत्राला चिकटते. 'मी धडा शिकलो, ती धडा शिकली' : क्रियापद शिकणाऱ्याप्रमाणे बदलले, म्हणून 'शिकलेला मुलगा' म्हणता येते. 'मी जेवलो' म्हणून 'जेवलेला माणूस'. भूतकाळात क्रियापद ज्याच्या मागे जाते, त्याच्या मागे 'लेला' जातो. काही धातू दोन्हीकडे वळतात. 'शिकलेला धडा'ही चालतोच. पण वाक्य लिहिताना शंका आली तर ही चाचणी बहुतेक वेळा योग्य रस्त्याला लावते.

'त' आणि 'ला' यांचीही विशेषणे होतात, पण ती आज ठरावीक जोड्यांत जास्त दिसतात : वाहते पाणी, उकळत्या पाण्यात, गेल्या वर्षी, दिल्या वेळी. 'गेल्या वर्षी' म्हणतो, 'गेलेल्या वर्षी' सहसा म्हणत नाही.

क्रियाविशेषण : 'ऊन'चा मालक कोण?

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडे थांबू.

'ऊन' हा प्रत्यय सांगतो की एक क्रिया आधी झाली आणि मग मुख्य क्रिया झाली. 'मुले वर्गात येऊन बसली' म्हणजे आधी आली, मग बसली. कधी तो रीत दाखवतो, जसे 'ओरडून सांगितले', तर कधी कारण, जसे 'चालून दमलो'. पण मुख्य अट अशी की 'ऊन'ची क्रिया आणि मुख्य क्रिया करणारा एकच असावा. आले कोण? मुले. बसले कोण? मुले. जमले.

आता हे वाक्य पाहा : 'दार उघडून मांजर आत आली.' व्याकरणात दोष नाही, पण अर्थ असा निघतो की दार मांजरीनेच उघडले. तुम्ही दार उघडले आणि मग मांजर आली असे सांगायचे असेल, तर 'मी दार उघडल्यावर मांजर आत आली' असे लिहायला हवे. 'ल्यावर'ला वेगळा कर्ता चालतो. तसाच तो 'ताना'लाही चालतो : 'मी शाळेत जाताना पाऊस आला.' पण 'मी शाळेत जाऊन पाऊस आला' हे वाक्य मोडलेले आहे, कारण जाणारा मी आणि येणारा पाऊस, दोघांचा संबंध 'ऊन' जोडू शकत नाही.

मग तुम्ही म्हणाल, 'झाड पडून दोघे जखमी झाले' हे वाक्य कसे चालते? पडले झाड, जखमी झाली माणसे. कर्ते दोन आहेत. तरी वाक्य अगदी मराठी आहे. इथे दोन गोष्टी घडतात. पहिली क्रिया कोणी ठरवून केलेली नाही, ती आपोआप झाली. आणि दुसरी गोष्ट तिचा सरळ परिणाम आहे. 'पाऊस पडून रस्ते निसरडे झाले', 'वीज जाऊन काम थांबले' ही वाक्येही याच जातीची. मुद्दाम केलेल्या क्रियेला मात्र ही सूट मिळत नाही. 'मी शाळेत जाऊन पाऊस आला' यात जाणे हे मी ठरवून केले आणि पाऊस त्याचा परिणाम नाही, म्हणून ते चालत नाही.

आणखी एक दिसायला वेगळा पण नियमातच बसणारा प्रकार आहे. 'बातमी ऐकून मला रडू आले.' इथे व्याकरणाचा कर्ता 'रडू' आहे, पण ऐकणारा आणि ज्याला रडू आले तो एकच माणूस. 'मला घरी येऊन तास झाला' यातही येणारा 'मला'मध्ये हजर आहे. म्हणजे मालक शोधताना केवळ प्रथमा विभक्तीतला शब्द पाहू नका, ती गोष्ट कोणाच्या बाबतीत घडली ते पाहा.

'ऊन' नाकारायचे असेल तर प्रत्ययच बदलतो. 'सांगून गेला' याच्या उलट 'न सांगून गेला' होत नाही, 'न सांगता गेला' होते. 'वाचून सही केली', 'न वाचता सही केली'. विशेषणांच्या बाबतीत असा बदल नाही : 'आलेला', 'न आलेला', 'दिसणारा', 'न दिसणारा'.

'ताना'बद्दल एक इशारा. 'मी तिला पुलावरून जाताना पाहिले.' पुलावरून कोण जात होते, मी की ती? दोन्ही अर्थ निघतात. बोलताना प्रसंगावरून कळते, लिहिताना कळत नाही. तेव्हा 'ती पुलावरून जात असताना मी तिला पाहिले' किंवा 'मी पुलावरून जात असताना ती मला दिसली' असे मोकळे करून लिहा. 'ताना'चा नकार 'नसताना' लावून होतो : 'कोणी बघत नसताना'.

चौथी पायरी : जवळ जवळ आलेली दोन क्रियारूपे

आपल्या वाक्यात 'येऊन बसली' आणि 'ठेवू लागली' अशा दोन जोड्या आहेत. दोन्हींत कृदंत आणि क्रियापद शेजारी आहेत, तरी दोन्ही एकसारख्या नाहीत.

'येऊन बसली' यात मुले खरोखर आली आणि खरोखर बसली. दोन क्रिया, दोन अर्थ. 'येऊन' सुटे धातुसाधित क्रियाविशेषण, 'बसली' सुटे क्रियापद. 'ठेवू लागली' यात 'लागणे' हा शब्द स्वतःचा अर्थ सोडून देतो. काही कशाला लागत नाही. फक्त ठेवण्याची सुरुवात झाली, एवढेच तो सांगतो. मुख्य अर्थ कृदंतात आहे आणि पुरुषाची खूण क्रियापदावर. दोघे मिळून एक संयुक्त क्रियापद होते.

म्हणून प्रश्न असा विचारा : दुसऱ्या शब्दाचा मूळ अर्थ इथे आहे का? 'लाडू खाऊन टाक' यात कोणी काही टाकत नाही, म्हणून संयुक्त. 'साल काढून टाक' यात साल खरेच टाकायची असेल, तर दोन क्रिया. फक्त सोलायची असेल, तर संयुक्त. अशा वाक्याचे उत्तर संदर्भाशिवाय ठामपणे देता येत नाही, आणि प्रश्नपत्रिकेत ते आलेच तर तुम्ही गृहीत धरलेला अर्थ एका ओळीत लिहा. 'जात आहे', 'जाणार आहे', 'गेलेला होता' यांत 'आहे', 'होता' हे फक्त काळ आणि पुरुष सांगतात, त्यामुळे तिथेही कृदंत क्रियापदाचा भाग होऊन येते.

लिहिताना

'ऊन'मधला 'ऊ' नेहमी दीर्घ : करून, म्हणून, बसून. 'करुन' चूक. धातूत 'व' असेल तर तो टिकतो, नसेल तर मध्ये घालायचा नाही. 'णे' लावून पाहिले की कळते : 'ठेवणे'मध्ये 'व' आहे, म्हणून 'ठेवून', 'जेवणे'मध्ये आहे, म्हणून 'जेवून', 'जाणे'मध्ये नाही, म्हणून 'जाऊन', 'गाणे'मध्ये नाही, म्हणून 'गाऊन'. 'जावून' आणि 'ठेऊन' या एकाच गैरसमजाच्या दोन बाजू आहेत. 'धावून' आणि 'खाऊन' हे शब्द शेजारी लिहून ठेवले तरी पुरते.

'लिहिणे'मधला 'हि' खाऊ नका : लिहिलेले, लिहिणारा. 'लिहलेले' नको. 'पाहिलेले', 'राहिलेले' हेही तसेच. 'णारा'चे सामान्यरूप 'णाऱ्या' असे लिहितात, 'णार्या' नव्हे : धावणाऱ्या मुलाला. 'जाताना', 'बोलताना' यांवर अनुस्वार नाही. जुन्या पुस्तकांत 'जातांना', 'करणें' असे छापलेले दिसेल. 1962 साली लागू झालेल्या लेखननियमांनी असे अनुस्वार काढून टाकले, त्यामुळे ते जुन्या लेखनाचे आहे एवढेच समजा.

लेला-रूप करताना काही धातू मूळ ओळखू येणार नाही इतके बदलतात. हे नियमाने काढता येत नाहीत, कानाने लक्षात ठेवावे लागतात : कर – केलेला, जा – गेलेला, ये – आलेला, हो – झालेला, दे – दिलेला, घे – घेतलेला, खा – खाल्लेला, घाल – घातलेला, धू – धुतलेला, सांग – सांगितलेला, माग – मागितलेला. पहिल्या पायरीवर धातू शोधताना 'झालेला'मधून 'झाणे' निघत नाही म्हणून शब्द खोडू नका, एवढ्यासाठी ही यादी डोळ्यांखालून घाला.

संस्कृतातून जशीच्या तशी आलेली कृदंतेही मराठीत आहेत : लिखित, दत्त, गत, पठनीय, कर्तव्य. त्यांचे प्रत्यय संस्कृतचे, त्यामुळे वरच्या पायऱ्या त्यांना लावू नका. 'लिखित'मधून 'लिखणे' काढायला गेलात तर अडकाल. प्रश्नात 'मराठी धातुसाधिते' विचारली असतील तर ती सोडून द्या.

आता एक वाक्य स्वतः सोडवा

> न विचारता घेतलेली पुस्तके परत करायला गेलेला मुलगा ग्रंथपालांना पाहून बोलता बोलता अडखळू लागला.

आधी पाहा 'परत'. शेवटी 'त' आहे, आणि 'परतणे' हे क्रियापदही आहे. पण त्यात 'त' हा प्रत्यय नाही, तो धातूचाच भाग आहे, आणि इथे कोणी परतत नाही. ते साधे क्रियाविशेषण आहे. 'तू' घालून पाहिले तर 'स' एकाच ठिकाणी लागतो : 'लागलास'. बाकी राहिली विचारता, घेतलेली, करायला, गेलेला, पाहून, बोलता बोलता, अडखळू.

'घेतलेली' हे 'पुस्तके'चे विशेषण. 'मुलाने पुस्तके घेतली' यात क्रियापद पुस्तकांमागे जाते, म्हणून विशेषणही पुस्तकांना. 'गेलेला' हे 'मुलगा'चे विशेषण, कारण 'मुलगा गेला' यात क्रियापद मुलामागे जाते. 'करायला' हेतू सांगते, म्हणून क्रियाविशेषण, आणि त्याचे कर्म 'पुस्तके'. 'पाहून'चा मालक मुलगा, अडखळू लागणाराही मुलगा, म्हणून 'ऊन'ची अट पाळली आहे. 'बोलता बोलता' एकाच वेळी चाललेली क्रिया दाखवते, तेही क्रियाविशेषण. 'अडखळू' हे 'लागला'बरोबर संयुक्त क्रियापद.

राहिले 'न विचारता'. हे क्रियाविशेषण आहे हे नक्की, पण कोणत्या क्रियेचे? मुलगा न विचारता अडखळला नाही, न विचारता गेलाही नाही. पुस्तके न विचारता घेतली होती. म्हणजे हे कृदंत मुख्य क्रियापदाला जोडलेले नाही, ते 'घेतलेली' या दुसऱ्या कृदंताला जोडलेले आहे. लांब वाक्याचे पृथक्करण करताना प्रत्येक कृदंतापुढे बाण काढा आणि तो ज्या शब्दाला जाऊन भिडतो तो शब्द लिहा. 'न विचारता'चा बाण 'लागला'पर्यंत नेलात तर मुलगा परवानगी न काढता अडखळला असा अर्थ होतो, आणि तो वाचून तपासणाऱ्यालाही हसू येईल.